पीडीएफमधून वर्ड ‘परत’ मिळत नाही

“वर्डची फाइल सापडत नाहीये, पण पीडीएफ आहे. त्यातूनच वर्ड करून घेऊ.” सोसायटीच्या सचिवांपासून प्रबंध लिहिणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हे वाक्य असतं, आणि ते ऐकलं की कुणाची तरी संध्याकाळ वाया जाणार हे ठरलेलंच. यामागचा समज असा, की पीडीएफ म्हणजे कुलूप घातलेली वर्डची फाइल. चांगला कन्व्हर्टर मिळाला की कुलूप उघडतं आणि आतलं सगळं जसंच्या तसं बाहेर येतं.

मुळात आत काही ठेवलेलंच नसतं. पीडीएफचं आंतरराष्ट्रीय प्रमाण, आयएसओ ३२०००, २००८ साली आलं. त्यानुसार पीडीएफच्या पानावर असतात त्या चित्र काढण्याच्या सूचना: या फॉन्टमधला अमुक आकार तमुक जागी उमटव, इथून तिथपर्यंत रेघ ओढ. परिच्छेद कुठे संपला, हा आकडा यादीचा आहे की मजकुरातला, ही रेघ तक्त्याची आहे की नुसती सजावटीची, हे त्या सूचनांत नसतं. रचनेच्या खुणा, म्हणजे टॅग, सोबत जोडता येतात, पण ते ऐच्छिक आहे. ते नसले की कन्व्हर्टर अंदाज बांधतो. पीठ दळून झाल्यावर गहू परत मागावेत तसा हा प्रकार. वर्ड २०१३ पासून वर्डमध्येच पीडीएफ उघडता येते, पण उघडताना वर्ड स्वतःच बजावतं की निकाल मूळ फाइलसारखा दिसेलच असं नाही. ती सूचना न वाचता ‘ओके’ दाबायची आपली सवय.

सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल घ्या. १४ विषय, त्यांत ५.१, ५.२ असे उपविषय, आणि दोन पानांवर पसरलेला जमाखर्चाचा तक्ता. पीडीएफ वर्डमध्ये आणली आणि पाचव्या विषयानंतर एक नवा ठराव घातला. मूळ फाइलमध्ये सहाचे आपोआप सात झाले असते. इथे ते होत नाही, कारण ‘६.’ हा आता टाइप केलेला आकडा आहे, क्रमांकन नव्हे. कधी कन्व्हर्टर अर्धी यादी ओळखतो आणि अर्धी सोडतो. मग काही आकडे हलतात, काही जागचे ढळत नाहीत. ‘विषय ९ पाहा’ असा उल्लेख तर नुसता मजकूर होऊन बसलेला असतो, तो चुकीच्या विषयाकडे बोट दाखवत राहतो. ओळखायचं कसं? आकड्यावर क्लिक करा. क्रमांकन खरं असेल तर सगळे आकडे एकदम करडे होतात. टाइप केलेला असेल तर कर्सर आकड्याच्या मध्ये शिरतो.

तक्त्याची गत आणखी फसवी. दुसऱ्या पानावर पुन्हा छापलेली शीर्षकाची ओळ कन्व्हर्टरला खर्चाची एक नोंद वाटते. ज्या नोंदीचा वरचा अर्धा भाग पहिल्या पानावर आणि खालचा दुसऱ्या पानावर गेला, तिच्या दोन नोंदी होतात. तक्ता दिसायला ठाकठीक, आत गोंधळ. म्हणून नुसतं बघून समाधान मानू नका. ओळी मोजा आणि रकान्याची बेरीज छापील बेरजेशी ताडून पाहा.

हे सगळं इंग्रजीतही घडतं. मराठीत वर अक्षरांचा घोळ असतो. ‘वार्षिक’ हा शब्द युनिकोडमध्ये व, ा, र, ्, ष, ि, क या क्रमाने साठवला जातो. पण पानावर ऱ्हस्व वेलांटी ष-च्या आधी काढली जाते आणि रफार ष-च्या डोक्यावर नंतर बसतो. पीडीएफमध्ये नोंद होते ती या काढण्याच्या क्रमाची. कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर हे सांगणारी सारणी पीडीएफमध्ये असू शकते, पण ती एकेका आकाराचं अक्षर सांगते, त्यांचा मूळ क्रम नाही. म्हणून कॉपी केल्यावर हाती ‘वािषर्क’ येतं, आणि ‘निधी’चं ‘िनधी’ होतं. जोडाक्षर सारणीत नसेल तर त्या जागी चौकट येते किंवा काहीच येत नाही. मूळ अक्षरं वेगळी लिहून ठेवायची सोय प्रमाणात आहे, पण पीडीएफ करणाऱ्या प्रोग्रॅमने ती वापरली पाहिजे आणि वाचणाऱ्यानेही तिची दखल घेतली पाहिजे.

यावर लोकांचा ठरलेला उपाय म्हणजे “मंगल लाव, नीट होईल.” नाही होणार! फॉन्ट बदलल्याने आकार बदलतात, साठवलेली अक्षरं बदलत नाहीत. हाच उपाय जुन्या फॉन्टांवर करून पाहिला तर फजिती उघडच होते: कृतिदेवमधल्या ‘मराठी’ला मंगल लावलं की पडद्यावर `ejkBh` उमटतं, कारण साठवलेलं तेच होतं. तिथे फॉन्ट नव्हे, त्या विशिष्ट फॉन्टसाठी बनवलेला युनिकोड परिवर्तक लागतो.

कन्व्हर्टरच्या नादी लागण्याआधी एक साधी चाचणी करा. पीडीएफमध्ये वेलांटी आणि रफार दोन्ही असलेला शब्द शोधा. समोर दिसत असूनही तो सापडला नाही, तर आतला मजकूर बिघडलेला आहे. पॉपलर ही मोफत साधनं संगणकावर असतील तर ही आज्ञा फॉन्टांची कुंडली मांडते:

```
pdffonts ahaval.pdf
```

`emb` रकान्यात `no` असेल तर फॉन्ट फाइलमध्ये नाही, दुसऱ्या संगणकावर अक्षरं बदलू शकतात. `uni` खाली `no` असेल तर वर सांगितलेली सारणीच नाही. तिथे `yes` दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, क्रमाचा प्रश्न तरीही उरतोच.

मजकूर बिघडलेला निघाला, तर तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा पानाचं चित्र मानून तो पुन्हा वाचून घेणं बरं. उलटं वाटेल, पण दिसणारं पान अचूक आहे आणि आतला मजकूर चुकीचा, मग दिसतं तेच वाचावं. मोफत टेसरॅक्ट मराठी वाचतो, आणि त्याच्यावर आधारलेला हा प्रोग्रॅम जुना मजकूर बाजूला सारून नवा थर चढवतो:

```
ocrmypdf --force-ocr -l mar ahaval.pdf nava.pdf
```

मग `nava.pdf` मधून मजकूर घ्या. मुद्रितशोधन करावं लागेलच, अनुस्वार आणि ‘घ-ध’ नीट तपासा. क्रमांकन नव्याने लावा, तक्ता नव्याने आखा. दोन पानांच्या तक्त्यासाठी हाच जवळचा रस्ता.

आता किरकोळ समज. ‘प्रिंट करून केलेली पीडीएफ आणि सेव्ह करून केलेली एकच’: नाही, `Microsoft Print to PDF` मध्ये टॅग आणि दुवे गळतात, `Save As` मधून करताना `Document structure tags for accessibility` चालू ठेवता येतं. ‘वर्डची फाइल पाठवली की फॉन्टही जातो’: `Embed fonts in the file` निवडल्याशिवाय नाही, आणि फॉन्टच्या परवान्यात मनाई असेल तर तरीही नाही. ‘डॉक्युमेंटचा फॉन्ट बदलला म्हणजे देवनागरीचाही बदलला’: वर्ड देवनागरीसाठी वेगळी नोंद ठेवतं, फॉन्टच्या चौकटीत `Complex scripts` खाली बघा.

आणि ‘मूळ फाइल वेगळी जपावी लागते, ती हरवतेच’ या तक्रारीवर लिबरऑफिसमध्ये सोय आहे. पीडीएफ करताना `Hybrid PDF (embed ODF file)` वर खूण केली की मूळ फाइल पीडीएफच्या पोटातच जाते. बाकीच्यांना ती साधी पीडीएफ दिसते. लिबरऑफिसमध्ये उघडली की क्रमांकन, तक्ते आणि युनिकोड मजकुरासह मूळ दस्तऐवज समोर येतो. मात्र ती दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये बदलून सेव्ह केली, तर आतली प्रत जुनीच राहू शकते किंवा गळूनही पडू शकते.