एक किलोमीटरचा नियम का टिकला नाही

9 फेब्रुवारी 2024 रोजी महाराष्ट्र शासनाने शिक्षणहक्काच्या 2011 च्या नियमांना एक परंतुक जोडलं. खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेची 25 टक्के राखीव प्रवेशांसाठी निवड करायची नाही, असं त्यात होतं. मुंबई-पुण्यात एवढ्या अंतरात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही अशी खासगी शाळा शोधावीच लागते. म्हणजे गरीब घरांतल्या मुलांसाठी संसदेने उघडलेलं दार मंत्रालयातून निघालेल्या एका अधिसूचनेने बंद झालं. विधिमंडळात त्यासाठी कोणतंही विधेयक मांडलं गेलं नव्हतं.

कायदा संसद किंवा विधिमंडळ करतं, पण अर्जाचा नमुना, मुदती, अंतरं, कागदपत्रं असा सगळा तपशील त्यांना ठरवता येत नाही. म्हणून कायद्यातच एक कलम घालून नियम करण्याचा अधिकार शासनाला दिला जातो. यालाच प्रत्यायोजित विधिविधान म्हणतात. धोरण ठरवण्याचं मूळ काम मात्र विधिमंडळाला दुसऱ्यावर सोपवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्येच दिल्ली कायद्यांच्या प्रकरणात सांगितलं. शिक्षणहक्क कायद्यात नियम करण्याचा अधिकार कलम 38 मध्ये आहे, तोही ‘कायद्याच्या तरतुदी अमलात आणण्यासाठी’.

आता मूळ कायदा उघडून पाहू. कलम 6 सांगतं की शासनाने आणि स्थानिक प्राधिकरणाने मुलांच्या परिसरात शाळा काढावी, आणि परिसराची हद्द नियमांनी ठरवावी. महाराष्ट्राने ती पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी ठरवली. यात काहीच गैर नाही, कारण ती जागा कायद्यानेच मोकळी ठेवली होती.

कलम 12 ची रचना वेगळी आहे. खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या पटाच्या किमान 25 टक्के जागांवर परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना प्रवेश द्यावा आणि त्यांना प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मोफत शिकवावं, असं ते कलम सांगतं. शाळेला शासनाकडून मिळणारी शुल्क प्रतिपूर्ती कोणत्या रीतीने द्यायची, एवढं त्याने नियमांवर सोडलं आहे. शेजारी सरकारी शाळा असेल तर सूट, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. एकच एक किलोमीटर पहिल्या ठिकाणी वैध आणि दुसऱ्या ठिकाणी अवैध ठरतो, तो यामुळे.

पालकांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. परिसरात शाळा पुरवण्याचं कर्तव्य आधी शासनाचं, ते पार पडलं असेल तर खासगी शाळेवर भार कशाला, असा शासनाचा सूर होता. न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजी ते परंतुक रद्द केलं. कलम 12 मधलं बंधन कलम 6 वर अवलंबून नाही. कायद्याने न घातलेली अट नियमाने घालता येत नाही. हे परंतुक मूळ कायद्याशी विसंगत ठरलंच, शिवाय राज्यघटनेतल्या शिक्षणाच्या हक्काशीही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला.

मला हा निकाल पूर्णपणे योग्य वाटतो. पण त्यावरून प्रत्येक गैरसोयीचा नियम न्यायालय मोडून काढेल असं समजू नये. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांचं फेरमूल्यांकन होणार नाही, असा विनियम महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाने केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो अवाजवी ठरवून रद्द केला, पण 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. त्याचं म्हणणं असं, की विनियम मंडळाला मिळालेल्या अधिकारात बसतो आणि कायद्याच्या हेतूशी जुळतो. मग त्याहून शहाणपणाचा पर्याय होता का, हे न्यायाधीशांनी तोलायचं नाही. नियम कायद्याबाहेर गेला, घटनेशी भिडला किंवा उघडउघड मनमानी ठरला, तरच न्यायालय हात घालतं. नियम सभागृहासमोर ठेवण्याची तरतूदही कायद्यात असते, पण शाळाप्रवेशाची मुदत काही अधिवेशनासाठी थांबत नाही. म्हणून न्यायालयाचा मार्ग पालकांना इतका महत्त्वाचा ठरला.

तुमच्यावर एखादा नियम लादला गेला, तर आधी राजपत्रातली अधिसूचना मिळवा. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली हा नियम केला आहे, हे तिच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. ते कलम काढा आणि नियमाचा ज्या कलमावर परिणाम होतो, तेही शेजारी ठेवून वाचा. कायद्याने न दिलेली सूट किंवा न घातलेली अट नियमात सापडली, तर तो कागद घेऊन वकिलाकडे जा.