अर्धी ओळ रोज

सकाळी सहा. गव्हाणीतल्या उरलेल्या काड्या आधी काट्यावर जातात. काल सकाळी टाकलेल्या सुबाभळीच्या पेंढ्या वीस किलो भरल्या होत्या, आज नुसत्या सोललेल्या काड्या दहा किलो भरतात. म्हणजे दहा बकऱ्यांनी मिळून दहा किलो पाला खाल्ला, सरासरी प्रत्येकी एक किलो. वाशिमच्या आमच्या कोरडवाहू भागात बकरीपालनाचा सगळा हिशेब मी या एका आकड्यावर बांधला आहे.

तो आकडा असा निघतो. तीस किलोची वऱ्हाडी बकरी दिवसाला साधारण एक ते सव्वा किलो कोरडा चारा खाते, म्हणजे पाणी वजा करून. त्यात सुबाभूळ तीस टक्क्यांच्या आत ठेवायची, म्हणजे ती कोरडी साडेतीनशे ग्रॅम झाली. हिरव्या पाल्यात दोन तृतीयांशांहून जास्त पाणीच असतं, म्हणून हिरवी ती एक किलोभर होते. बाकीचं पोट चराईनं आणि तुरी-सोयाबीनच्या कुटारानं भरतं.

सात वाजता प्रत्येक बकरीच्या पाठीवरून हात फिरवतो. सुबाभळीत मिमोसिन असतं, कोवळ्या शेंड्यात आणि बियांत सगळ्यात जास्त. पोटात त्यापासून तयार होणारं दुसरं द्रव्य थायरॉइड ग्रंथीचं काम बिघडवतं. पाला जास्त झाला की केस हलक्या ओढीनं झुपक्यानं हातात येतात, लाळ गळते, गळ्याखाली गाठ दिसते, वाढ खुंटते. काही बकऱ्यांच्या पोटात हे विष पचवणारे जिवाणू असतात. हवाईच्या बकऱ्यांतले असे जिवाणू पुढे ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडून त्यांचा उपयोग सिद्ध झाला. पण आपल्या कळपात ते आहेत की नाही, हे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून केस सुटले की सुबाभूळ पूर्ण बंद करायची आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं. गाभण बकरीला आणि पैदाशीच्या बोकडाला मी निम्म्याहून कमीच देतो. नव्या बकरीला दोनशे ग्रॅमपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत किलोवर आणायचं.

नऊ वाजता बकऱ्या चरायला जातात. शेजारच्या काकू विचारतात, "काहून भाऊ, एवढी मोठी झाडी उभी, अन् बकऱ्या गायरानात कायले हाकता?" कारण सुबाभळीच्या वाफ्यात सोडल्या तर त्या शेंडे खाऊन थांबत नाहीत, साल सोलतात. साल गोल सोलली गेली की झाड वाळतं.

दुपारी चारला विळा घेऊन वाफ्यात. दहा गुंठ्यांचा हा चौकोन आहे, दोन्ही बाजू बत्तीस मीटर. ओळींत एक मीटर, झाडांत तीस सेंटीमीटर अंतर. बत्तीस ओळी, ओळीत शंभरावर झाडं, एकूण जवळपास चौतीसशे. मी रोज अर्धी ओळ कापतो, साधारण पन्नास-त्रेपन्न झाडं. त्यामुळे चौसष्ट दिवसांनी त्याच झाडावर परत येतो. भादव्यात जमिनीत ओल असताना एका झाडाची दोनशे ग्रॅमच्या आसपास खाण्याजोगी फूट निघते, आणि दहा किलोचा मेळ बसतो.

पहिला काप लागवडीनंतर सहा महिन्यांनी, झाड माणसाच्या छातीपर्यंत गेल्यावर घ्यायचा. खोड जमिनीपासून तीन फुटांवर तिरकं, एकाच घावात कापायचं. विळा बोथट असला तर साल फाटते आणि तिथून खोड कुजतं. माघानंतर मात्र पाण्याविना फूट मंदावते. तेव्हा दिवस मोजत बसत नाही, नवी फूट हातभर झाली नसेल तर ओळ सोडून देतो. उरलेली गरज बांधावरच्या बाभळीच्या शेंगांवर आणि अंजनाच्या पाल्यावर भागते. अंजनाची वरची एक तृतीयांश फांदी मी कधीच छाटत नाही, नाहीतर झाड पुढच्या वर्षी उघडं पडतं.

सहा वाजता पेंढ्या गोठ्यात दोरीला टांगतो. रात्रभर सुकल्यानं मिमोसिन काहीसं कमी होतं, पण सगळं जात नाही, म्हणून प्रमाण वाढवत नाही. सकाळी कुटार आधी आणि पाला नंतर, हा क्रम पाळतो.

झोपण्यापूर्वी एक फेरी होते, शेंगा लागलेली झाडं शोधायला. पिकलेल्या शेंगा फुटल्या की बी शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये उगवतं, आणि ते तण उपटून काढणं फार जड जातं. म्हणून शेंग हिरवी असतानाच ती फांदी कापली जाते.

येत्या पावसाळ्यात लावायचं असेल, तर बी फाल्गुनातच पिशव्यांत टाका. आधी ते उकळून थोडं निवलेल्या, साधारण ऐंशी अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून रात्रभर थंड पाण्यात भिजवा. नाहीतर कडक कवचामुळे बरंच बी उगवतच नाही.