उधारीवर माल देण्याआधी

एखादी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी तीन महिन्यांच्या उधारीवर माल मागते, तेव्हा तिचे हिशेब पाहण्यासाठी तिच्या परवानगीची गरज नसते. १९५६च्या कंपनी कायद्यात खासगी कंपनीचे नफा-तोटा पत्रक सभासदांखेरीज कोणाला पाहता येत नसे. २०१३च्या कायद्याने ते सर्वांना खुले केले.

केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोधले की तिची प्राथमिक माहिती मोफत दिसते. तिथे शेवटच्या ताळेबंदाची तारीख आधी पाहावी. वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत हिशेब दाखल व्हायला हवेत. तारीख दोन-तीन वर्षे जुनी असेल, तर उधारीचा विचार तिथेच थांबवावा, असे माझे मत आहे. पुढे खाते उघडून, View Public Documents मध्ये शंभर रुपये भरले की कागद उघडतात. त्यातला AOC-4 हा अर्ज आणि त्याची जोडपत्रे म्हणजेच हिशेब.

छोट्या कंपनीच्या जोडपत्रांत मात्र एक पान नसते. भरणा भांडवल आणि उलाढाल ठरावीक मर्यादेत असलेल्या कंपनीला रोख प्रवाह पत्रक देण्यापासून सूट आहे. १ डिसेंबर २०२५पासून ही मर्यादा भांडवलाला १० कोटी आणि उलाढालीला १०० कोटी रुपये आहे. त्याआधी ती ४ आणि ४० कोटी होती. संचालकांचा अहवालही त्रोटक चालतो. शिवाय थकीत कर्जे किंवा सरकारी देणी यांवर लेखापरीक्षकाने मुद्देसूद शेरे द्यायचा जो आदेश आहे, तोही या कंपन्यांना लागू नाही. दुसऱ्या कंपनीची उपकंपनी असेल, तर आकार कितीही लहान असला तरी या सवलती मिळत नाहीत.

पण ताळेबंदात मागच्या वर्षाचा रकाना असतोच, आणि त्यावरून ते गाळलेले पान बरेचसे उभे करता येते. समजा, करानंतरचा नफा ४० लाख आणि घसारा १० लाख आहे. घसाऱ्यात पैसा बाहेर जात नाही, म्हणून तो मिळवून ५० लाख. पण ग्राहकांकडची येणी १ कोटी १० लाखांवरून १ कोटी ९० लाखांवर गेली, म्हणजे ८० लाख अडकले. मालाचा साठा २० लाखांनी वाढला. पुरवठादारांची देणी १५ लाखांनी वाढली, तेवढा पैसा हातात राहिला. ५० वजा ८० वजा २० अधिक १५: म्हणजे उणे ३५ लाख. कागदावर नफा, पण धंद्यातून रोकड आली नाही, उलट गेली. कर्जाच्या रकान्यात अल्पमुदतीचे कर्ज ३० लाखांवरून ७० लाखांवर गेलेले दिसले, तर ही तूट कशाने भरली तेही कळते.

हा अंदाज ढोबळ असतो, पण त्याला आधार देणारी एक टीप छोट्या कंपन्यांनाही चुकत नाही. येणी किती जुनी आहेत याचा तक्ता टिपांमध्ये द्यावाच लागतो. वाढलेल्या ८० लाखांतले बहुतेक सहा महिन्यांच्या आतले असतील, तर कदाचित धंदाच वाढला आहे. एक ते दोन वर्षांच्या रकान्यात मोठी रक्कम बसली असेल, तर तिचे ग्राहकच पैसे देत नाहीत. त्याच जागी देण्यांचाही तक्ता असतो, आणि पुरवठादारांची किती रक्कम किती काळ थकली आहे हे त्यात दिसते. उद्या तुमचे बिल त्याच रांगेत लागणार असते.