हिरव्या पाटीचे दशक

पर्यावरणविषयक दावा खरा ठरायचा, तर तो नेमक्या कशाबद्दल आहे, हे त्यातच सांगावे लागते: उत्पादन, प्रक्रिया की वेष्टन. 1991 ची इकोमार्क योजना पर्यावरणपूरक उत्पादने ग्राहकाला ओळखता यावीत म्हणून आली. ती बाजारात फारशी दिसलीच नाही, त्यामुळे तिच्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

लक्षात राहते ते 2018 नंतरचे दशक. त्या वर्षीच्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी आणि उसाच्या रसापासूनही इथेनॉल करण्याची वाट मोकळी केली. नीरेच्या कालव्यांवर आणि उजनीच्या पाण्यावर वाढलेल्या बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यासाठी ही मोठी गोष्ट होती. साखर कारखाना ‘हरित ऊर्जा केंद्र’ म्हणवून घेऊ लागला. डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर एकाएकी बंधने घातली, तेव्हा कच्चा माल बदलला. घोषवाक्य मात्र तेच राहिले.

‘20 टक्के इथेनॉल, म्हणजे 20 टक्के कमी प्रदूषण’ हे वाक्य तपासून पाहावे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ई-20 मधल्या एकूण ऊर्जेपैकी जेमतेम 14 टक्के इथेनॉलची. नीती आयोगाच्या अभ्यासानुसार उसाच्या इथेनॉलचे हरितगृह वायू पेट्रोलपेक्षा 65 टक्के कमी. ही तुलना समान ऊर्जेची धरली, तर बचत 9 टक्क्यांच्या आसपास येते. आणि तीही फक्त हवामानाची; उसाला लागलेले पाणी त्यात नाही. प्रत्येक लिटरमागे निघणारे 8 ते 15 लिटर स्पेंट वॉशही नाही. बचत खरी आहे, पण ‘प्रदूषणमुक्त’ हा शब्द तिला पेलत नाही.

टिकणारे वाक्य असे असते: ‘या हंगामातले इथेनॉल सी-हेवी मळीपासून, स्पेंट वॉश आटवून बॉयलरमध्ये जाळले, शेतातला पाणीवापर या दाव्यात धरलेला नाही.’ फलकावर ते रुक्ष दिसते, हे मान्य. पण शेजारच्या ओढ्याचे पाणी काळे झाले, तर कोणते विधान खोटे ठरले, हे तरी दाखवता येते. ‘पर्यावरणपूरक’ला तेवढीही जबाबदारी नसते.

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. ‘हरित’, ‘नैसर्गिक’ अशा मोघम शब्दांना आता नेमका खुलासा आणि पुरावा लागतो. पुराव्याचा तपशील क्यूआर कोडमधून दिला तरी चालतो. भविष्यातल्या उद्दिष्टाचा दावा करायचा, तर कृती आराखडा हवा. कंपनीचे ध्येयवाक्य कोणत्याही उत्पादनाशी जोडलेले नसेल, तर ते या कक्षेत येत नाही. पळवाट नेमकी इथेच आहे. शिवाय इथेनॉल तेल कंपन्या घेतात, घरगुती ग्राहक नाही. म्हणून कारखान्याच्या प्रवेशद्वारावरची पाटी बहुधा सुटते. तेच शब्द किरकोळ विक्रीच्या साखरेच्या पिशवीवर छापले, तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.