सात उद्गार आणि त्यांमधली शांतता

सात मेणबत्त्या पेटलेल्या असतात. पहिला उद्गार वाचला जातो, त्यावर थोडं बोललं जातं, मग कुणीतरी उठून एक मेणबत्ती विझवतं. त्यानंतर काही मिनिटं कुणीच काही बोलत नाही. उत्तम शुक्रवारच्या संध्याकाळी येशूच्या मृत्यूचं स्मरण करण्याची ही पद्धत आज अनेक चर्चमध्ये दिसते. महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांमध्येही ‘वधस्तंभावरील सात उद्गार’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हाच दिवस उभा राहतो. बहुतेक ठिकाणी ही उपासना दुपारी बारा ते तीन अशी होते आणि एकेका उद्गारावर वेगवेगळी माणसं संदेश देतात. काही ठिकाणी तिलाच संध्याकाळचं, अधिक शांत रूप दिलं जातं.

हे सातही उद्गार कुठल्याच एका शुभवर्तमानात एकत्र सापडत नाहीत. मत्तय आणि मार्क यांनी एकच उद्गार नोंदवला आहे, देवानं आपल्याला का सोडलं, हा प्रश्न विचारणारा. लूककडे तीन आहेत: मारणाऱ्यांसाठी क्षमेची प्रार्थना, शेजारी खिळलेल्या अपराध्याला दिलेलं वचन आणि आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवणं. उरलेले तीन योहानाचे: आई आणि शिष्य यांना एकमेकांच्या हवाली करणं, तहान लागल्याचं सांगणं आणि सारं पूर्ण झाल्याचं जाहीर करणं. चौघांचं साहित्य एकत्र ओवून सातांची माळ केली ती पुढच्या काळातल्या भक्तांनी. म्हणून मनन करणाऱ्यानं एक गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. मार्कचा येशू त्या व्याकूळ प्रश्नानंतर फक्त एक मोठी आरोळी मारून प्राण सोडतो. लूकच्या येशूचे अखेरचे शब्द मात्र विश्वासाचे आहेत. घाईघाईनं दुसऱ्याची फुंकर पहिल्यावर घातली, तर मार्कला जे सांगायचं होतं ते ऐकूच येत नाही.

सातांभोवती सलग तीन तासांची उपासना बांधण्याची प्रथा पेरूमधल्या लिमा शहरातून पसरली. अलोन्सो मेसिया या येशूसंघीय धर्मगुरूनं ती रुजवली. त्याचं निधन 1732 साली झालं. भूकंप हा लिमाच्या माणसांसाठी केवळ पुस्तकातला प्रसंग नव्हता. 1687मध्ये ते शहर भूकंपानं उद्ध्वस्त झालं होतं. येशूच्या मृत्यूच्या वेळी जमीन हादरली, हे मत्तयचं वर्णन तिथं कसं ऐकलं जात असेल, याची कल्पना करता येते.

पुढे ही प्रथा स्पेनमध्ये पोहोचली आणि कादिझ शहरातल्या ‘सांता कुएवा’ या जमिनीखालच्या प्रार्थनास्थळासाठी ऑस्ट्रियाच्या जोसेफ हायडनकडे संगीताची मागणी आली. काम अवघड होतं. खिडक्या, भिंती आणि खांब काळ्या कापडानं झाकलेले, मध्यभागी टांगलेला एकच मोठा दिवा, दारं बंद. बिशप व्यासपीठावर चढून एक उद्गार उच्चारणार, त्यावर बोलणार, मग खाली येऊन वेदीपुढे गुडघे टेकणार. आणि तो गुडघ्यावर असताना वाद्यं वाजणार. असं सात वेळा. म्हणजे हायडनला एकापाठोपाठ एक असे सात संथ भाग रचायचे होते, प्रत्येक सुमारे दहा मिनिटांचा, तरीही ऐकणारा कंटाळता कामा नये. हे सोपं नव्हतं, असं त्यानं स्वतःच पुढे लिहून ठेवलं.

त्यानं काढलेली वाट मननासाठीही शिकण्यासारखी आहे. प्रत्येक भागाची सुरुवातीची धून त्यानं त्या उद्गाराच्या लॅटिन शब्दांवर बेतली. गायक नसले तरी व्हायोलिन ते शब्दच उच्चारतं. तहानेच्या भागात तारांवर गज फिरत नाही, त्या बोटांनी छेडल्या जातात, आणि कोरड्या, तुटक ठिपक्यांसारख्या त्या आवाजावर दोनच स्वरांची हाक येते. सातव्या भागात व्हायोलिनवर छोटी चिमटी बसवून आवाज दबवलेला असतो. तो हळूहळू विरत जातो आणि लगेच, श्वास घ्यायलाही न थांबता, भूकंप कोसळतो. 1787मध्येच हायडननं ही रचना फक्त चार वाद्यांसाठीही तयार केली. संध्याकाळच्या छोट्या उपासनेला तेच रूप अधिक शोभतं.

आता वेळेचं गणित. तीन तासांत प्रत्येक उद्गाराला पंचवीसेक मिनिटं मिळतात. संध्याकाळच्या सव्वा तासात जेमतेम दहा. त्यात वाचन एक मिनिट, चिंतन चार, शांतता तीन आणि उरलेल्या वेळात गीताचं एखादं कडवं, अशी वाटणी पेलते. बिघडतं ते बहुधा सुरुवातीलाच. पहिला वक्ता क्षमेवर बारा मिनिटं बोलतो, दुसरा त्याच्याकडे पाहून तितकीच घेतो, आणि पाचव्या-सहाव्या उद्गारापर्यंत पोहोचताना सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं. सगळ्यात आधी कापली जाते ती शांतता. खरं तर तीन मिनिटांच्या शांततेतलं पहिलं मिनिट खोकण्यात आणि बाकांच्या कुरकुरण्यातच जातं. मन ठरतं ते दुसऱ्या मिनिटात. त्यामुळे एकच मिनिट ठेवणं म्हणजे काहीच न ठेवण्यासारखं आहे.

चिंतन लांबतं त्याचं एक कारण, ऐकीव माहितीची भर. सहावा उद्गार मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, ‘तेतेलेस्ताय’. त्या काळी कर्ज फिटल्यावर पावतीवर हाच शब्द लिहीत, असं व्यासपीठांवरून वारंवार सांगितलं जातं. याला भक्कम आधार नाही. त्या शब्दाचं व्याकरण मात्र पुरेसं बोलकं आहे: कृती पूर्ण झाली आणि तिचा परिणाम अजून टिकून आहे, असं ते क्रियारूप सांगतं. तेवढं सांगून थांबता येतं.

त्यागल्याच्या प्रश्नाबाबत वेगळी खबरदारी लागते. ते शब्द म्हणजे बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात. स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो, म्हणून येशूच्या मनात तो शेवटच होता, असं सांगून काही वक्ते श्रोत्यांना धीर देतात. पण त्यानं उच्चारली ती सुरुवात. आसपास उभ्या असलेल्यांनाही ती नीट कळली नाही. तो एलीयाला हाक मारतो आहे, असं त्यांना वाटलं. ज्याच्या घरी नुकताच कुणी गेला आहे, असा माणूस या संध्याकाळी बाकावर बसलेला असतो, आणि त्याच्यासाठी हा चौथा उद्गारच सर्वांत जवळचा असतो. त्याला उत्तर देण्याची घाई नको. इथली शांतता तीनऐवजी पाच मिनिटांची ठेवावी.

सातवी मेणबत्ती विझल्यावर काय करायचं, याचं उत्तर जुन्या परंपरेत सापडतं. पवित्र सप्ताहातल्या ‘तेनेब्रे’ या अंधाराच्या प्रार्थनेत त्रिकोणी दिवठणीवर पंधरा मेणबत्त्या असतात. स्तोत्रागणिक एकेक विझते, पण पंधरावी विझवत नाहीत. पेटती ठेवूनच वेदीमागे लपवतात. अंधारात पुस्तकं बाकांवर आपटून भूकंपाचा गडगडाट केला जातो. मग ती मेणबत्ती पुन्हा बाहेर आणतात. तिच्याच उजेडात, एकमेकांशी न बोलता, लोक उठून घरी जातात.