मर्यादवेलीचा ठसा आणि त्याचा सांधा

मनोरीच्या वाळूवर पसरणारी मर्यादवेल पाहिली की कापडावरची जाळनक्षी आयतीच समोर मांडून ठेवल्यासारखी वाटते. टोकाशी दुभंगलेली जाड पानं, मधूनच जांभळट-गुलाबी फूल आणि वाळूवरून दूरवर धावणारी दांडी. मोबाइलवर फोटो काढावा, संगणकावर त्याचा चौकोन करावा, चारी कडा एकमेकींना जुळवाव्यात, की नक्षी तयार. डिजिटल छपाईसाठी एवढं पुरतंही. लाकडी ठशासाठी मात्र पुरत नाही. पडद्यावर शेजारचे दोन चौकोन तंतोतंत जुळतात, पण कापडावर ठसा माणसाच्या हातून पडतो. त्यामुळे इथे सांधा नाहीसा करण्याच्या मागे न लागता, तो थोडा सरकला तरी खटकणार नाही अशा जागी नेऊन ठेवावा लागतो.

त्याआधी फोटोतून बरंच काही वजा करावं लागतं. मर्यादवेलीचं पान मधल्या शिरेवर दुमडलेलं असतं. भर उन्हात त्याच्या अर्ध्या भागावर सावली पडते आणि फोटो काळ्या-पांढऱ्यात आणला की ती सावलीच पानाचा आकार होऊन बसते. म्हणून गळून पडलेलं पान पांढऱ्या कागदावर काचेखाली सपाट करावं आणि ढगाळ उजेडात बरोबर वरून, थोडं लांबून टिपावं. फार जवळून काढलेल्या फोटोत पानाचा मधला भाग फुगतो. त्यानंतर बारीक शिरा काढून टाकायच्या. लाकडात एक मिलिमीटरहून बारीक उभी रेघ टिकवणं अवघड असतं. तिच्या दिशेला लाकडाचा रेषा आडवा आला तर ती लवकर तुटते. कोरलेली खाच तेवढीच अरुंद असेल तर तिच्यात रंग भरतो आणि शीर दिसेनाशी होते. ३०० पिक्सेल प्रति इंचाच्या चित्रात एक मिलिमीटर म्हणजे साधारण १२ पिक्सेल, त्याहून बारीक ते सारं पुसायचं. मधली शीर आणि दोन्ही बाजूंच्या तीन-चार शिरा मात्र कोऱ्या ठेवाव्यात, कारण सलग मोठा भाग लाकडी ठशाने एकसारखा रंगत नाही, त्यावर डाग पडतात.

आता ठसा पाच इंचांचा धरू, म्हणजे चित्र १५०० पिक्सेलचं. फोटोशॉपमध्ये Filter > Other > Offset उघडून आडवं-उभं ७५० द्यायचं आणि Wrap Around निवडायचं. कडा मध्यभागी येतात आणि तिथे तुटलेली पानं व रिकाम्या जागा उघड्या पडतात. दुरुस्ती फक्त या मधल्या पट्ट्यात करायची, नव्या कडांना हात लावायचा नाही. खरा निर्णय इथेच घ्यावा लागतो. मर्यादवेलीची दांडी कडेपलीकडे नेण्याचा मोह होतो, पण ४४ इंच पन्ह्याचं कापड भरायला आडवे नऊ ठसे लागतात. प्रत्येक ठसा एकाच दिशेला अर्धा मिलिमीटर सरकला, तर शेवटच्या ठशापर्यंत चुकीची बेरीज चार मिलिमीटर होते. दर सांध्याशी खुणेचे ठिपके जुळवून छापणारा ती बेरीज वाढू देत नाही, तरी प्रत्येक सांध्यात थोडा फरक उरतोच. बारीक दांडी तिथे तुटलेली दिसते. ती कडेआधीच एखाद्या पानामागे संपवली आणि ठशाची कड सरळ न कापता पानांच्या आकारानेच वळवली, तर तोच फरक दोन पानांमधल्या मोकळ्या जागेत जिरतो.

यावर कोणी म्हणेल, हाताच्या कामात थोडं इकडेतिकडे होणारच, त्यातच त्याचं सौंदर्य आहे. पान थोडं सरकलं किंवा रंग फिका-गडद पडला, तर हे मला पूर्ण मान्य आहे. तुटलेल्या रेघेचं तसं नाही. ती दर पाच इंचांवर पुन्हा येते आणि डोळा पानं सोडून चौकटीच मोजू लागतो. दुसरा आक्षेप असा, की डिजिटल यंत्र फोटो जसाच्या तसा छापत असताना एवढी काटछाट कशाला? पानावरचा उजेड आणि सावलीच हवी असेल, तर खुशाल यंत्राकडे जावं. ठशाची ताकद सपाट रंगाच्या ठाम आकारात आहे. विल्यम मॉरिसने १८८१पासून मर्टन ॲबीच्या कारखान्यात लाकडी ठशांनी छापलेल्या फुलापानांच्या कापडांतही आकार असाच रेखीव आणि सपाट आहे.

गुजरातेतल्या पेथापूरसारख्या गावातल्या कोरणाऱ्याकडे नक्षी पाठवण्याआधी तिच्या खऱ्या मापाच्या नऊ प्रती जमिनीवर तीन-तीनच्या ओळींत मांडाव्यात आणि काही मुद्दाम एक मिलिमीटर सरकवाव्यात. मग दहा पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहावं. पांढरे उभे-आडवे पट्टे दिसले, तर पानं पुन्हा हलवायला हवीत, किंवा शेजारची रांग अर्ध्या ठशाने खाली उतरवायला हवी. ही तपासणी कागदावर फुकट होते. कोरून झाल्यावर लाकूड परत भरता येत नाही. ठशावर नक्षी उलटी कोरली जाते, तेव्हा कापडावर वेल कोणत्या बाजूला वळायला हवी हे कागदावर बाणाने लिहून द्यावं.