जोडीतला दुसरा आकडा आधीच ठरलेला असतो

१ डिसेंबर २०२० रोजी ‘अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड’ या वार्षिक कोडी-स्पर्धेचं त्या वर्षीचं पहिलं कोडं खुलं झालं. एरिक वास्टल हा अमेरिकी प्रोग्रामर २०१५ पासून दर डिसेंबरला ही स्पर्धा भरवतो आणि जगभरातले हजारो लोक ती सोडवायला बसतात. त्या दिवशीचं कोडं ऐकायला अगदी साधं होतं. सुट्टीवर निघालेल्या माणसाच्या खर्चाची एक यादी दिली आहे, तिच्यातल्या कोणत्या दोन आकड्यांची बेरीज २०२० होते ते शोधा. नमुन्यादाखल सहा आकडे दिले होते: १७२१, ९७९, ३६६, २९९, ६७५ आणि १४५६. उत्तर १७२१ आणि २९९.

नोकरीच्या मुलाखतींची तयारी करणारे तरुण हेच कोडं वेगळ्या नावानं ओळखतात. ‘लीटकोड’ या सरावाच्या संकेतस्थळावर ‘टू सम’ या नावानं ते पहिल्या क्रमांकावर आहे. पुण्या-मुंबईतल्या किंवा बंगळुरूतल्या कितीतरी मुलांच्या तयारीचा पहिला दिवस त्याच्यावरच जातो, आणि बहुतेकांना सुचणारं पहिलं उत्तरही एकसारखंच असतं.

ते उत्तर असं. यादीतला पहिला आकडा धरायचा आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक आकड्याशी त्याची बेरीज करून बघायची. जमलं नाही तर दुसरा आकडा धरायचा आणि पुन्हा पुढची सगळी यादी फिरायची. प्रोग्रामच्या भाषेत हा लूपच्या पोटात लूप. उत्तर बरोबरच येतं, आणि सहा आकड्यांच्या यादीत जास्तीत जास्त १५ जोड्या तपासल्या की काम संपतं. वास्टलच्या नमुन्यात तर तिसऱ्याच जोडीला उत्तर सापडतं, त्यामुळे या पद्धतीत काही अडचण आहे असं वाटतही नाही.

अडचण यादी वाढली की कळते. २०० आकडे असले तर जोड्या होतात १९,९००. एक लाख आकडे असले तर ४,९९,९९,५०,०००, म्हणजे जवळजवळ पाचशे कोटी. पायथनमध्ये लिहिलेला असा लूप साध्या लॅपटॉपवर सेकंदाला एक-दोन कोटी तुलना करतो असं धरलं, तरी उत्तर नसलेली यादी पूर्ण तपासायला काही मिनिटं जातात. यादी दुप्पट केली की वेळ चौपट होतो. दहा लाखांच्या यादीला तर शंभरपट वेळ लागेल, म्हणजे हिशेब तासांवर जातो.

यातून सुटण्यासाठी प्रश्न उलटा विचारावा लागतो. हातात १७२१ असताना “याची कोणाशी बेरीज २०२० होईल?” असं म्हणून सगळ्यांना हटकत फिरण्याची गरजच नाही. २०२० मधून १७२१ वजा केले की उरतात २९९. जोडीदार दुसरा कोणी असूच शकत नाही. म्हणजे प्रत्येक आकड्यामागे प्रश्न एकच उरतो: हा ठरावीक आकडा आपल्या नजरेखालून गेला आहे का?

या प्रश्नाचं उत्तर झटक्यात देणारी वस्तू पायथनमध्ये तयार मिळते. तिचं नाव डिक्शनरी. ती वापरून अख्खा प्रोग्राम इतकाच होतो:

```python
def jodi(yadi, berij):
    pahilele = {}
    for i, x in enumerate(yadi):
        hava = berij - x
        if hava in pahilele:
            return pahilele[hava], i
        pahilele[x] = i
    return None
```

वास्टलच्या यादीवर हा चालवून बघू. पहिला आकडा १७२१. हवा २९९, पण डिक्शनरी रिकामी आहे. मग १७२१ तिच्यात नोंदवायचा, सोबत त्याची जागा ०, कारण पायथन शून्यापासून मोजतो. दुसरा ९७९. हवा १०४१, तो नाही, ९७९ नोंदवला. तिसरा ३६६. हवा १६५४, तोही नाही, ३६६ नोंदवला. चौथा २९९. हवा १७२१, आणि तो डिक्शनरीत आहे, जागा ०. उत्तर मिळालं: शून्यावरचा आणि तिसऱ्या जागेवरचा आकडा. ६७५ आणि १४५६ यांच्याकडे बघावंही लागलं नाही. एक लाख आकडे असले, तरी यादीवरून एकदाच जायचं, म्हणजे फार तर एक लाख वेळा विचारायचं आणि एक लाख वेळा नोंदवायचं. पाचशे कोटींचं काम दोन लाखांवर येतं आणि सेकंदाच्या एका छोट्या भागात संपतं.

इथे चौकस वाचकाला शंका यायला हवी. “डिक्शनरीत आहे का” हे बघायला संगणकाला तिच्यातल्या सगळ्या नोंदी चाळाव्या लागत नाहीत का? लागत असत्या, तर आतला लूप फक्त नजरेआड झाला असता, नाहीसा झाला नसता. खरी गंमत या शंकेच्या उत्तरात आहे.

डिक्शनरीच्या आत खणांची एक रांग असते, सुरुवातीला आठ खणांची. पूर्णांक आला की पायथन तो आकडाच वापरून खण ठरवतो: आकड्याला आठनं भागून जी बाकी उरेल त्या क्रमांकाचा खण. १७२१ ची बाकी १, म्हणून तो १ क्रमांकाच्या खणात जातो. ९७९ ची बाकी ३ आणि ३६६ ची ६. पुढे २९९ च्या वेळी १७२१ हवा असतो, तेव्हा पायथन थेट १ क्रमांकाच्या खणात बघतो. बाकीचे खण त्याच्या दृष्टीनं नसल्यासारखेच. आकड्यावरूनच त्याची जागा काढायची, या पद्धतीला हॅशिंग म्हणतात. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी जानेवारी १९५३ मध्ये कंपनीच्या अंतर्गत टिपणात ती मांडली होती.

दोन आकड्यांच्या नशिबी एकच खण आला तर काय? आपल्या छोट्या यादीतही ते घडून गेलं आहे. ९७९ चा जोडीदार १०४१. त्याची बाकीही १. पायथन तो शोधायला १ क्रमांकाच्या खणात जातो, तर तिथे १७२१ बसलेला. हा तो नव्हे, हे आकडे ताडून पाहिल्यावर कळतं. मग पायथन ठरलेल्या सूत्रानं पुढचा खण काढतो, तो निघतो ६ क्रमांकाचा. त्या वेळी ३६६ अजून नोंदवलेला नसतो, म्हणून तो खण रिकामा असतो. रिकामा खण लागला म्हणजे १०४१ डिक्शनरीत नाही, हे पक्कं. दोन खणांत काम झालं. अशा टकरी वाढू नयेत म्हणून पायथन खण कधीच पूर्ण भरू देत नाही. आठ खणांत पाच नोंदी झाल्यावर सहावी आली, की तो रांग मोठी करतो आणि जुन्या नोंदी नव्यानं लावतो. हा वेग अशा मोकळ्या जागेतून विकत घेतलेला असतो. एक लाख पूर्णांकांची डिक्शनरी, आत ठेवलेले आकडे सोडूनही, सुमारे पाच एमबी स्मृती घेते. यादी आधीच चढत्या क्रमानं लावलेली असेल, तर एवढी जागा खर्चण्याचं कारण नाही. एक बोट सुरुवातीला, एक शेवटी ठेवायचं. बेरीज कमी पडली तर डावं बोट पुढे, जास्त झाली तर उजवं मागे. बोटं एकमेकांना भेटेपर्यंत उत्तर मिळतं, नाहीतर ते नाही हे कळतं.

या छोट्या प्रोग्राममध्ये चुका होतात त्या ठरावीक जागी. सर्वांत नेहमीची चूक क्रमाची. काही जण आधी अख्खी यादी डिक्शनरीत भरतात आणि मग शोधायला लागतात. यादीत १०१० एकदाच असला, तर हव्या असलेल्या १०१० च्या शोधात तो स्वतःलाच सापडतो आणि उत्तर येतं की १०१० आणि १०१० ची जोडी. आधी विचारायचं आणि मग नोंदवायचं, हा वरच्या प्रोग्राममधला क्रम म्हणूनच महत्त्वाचा. तो पाळला की यादीत १०१० खरोखर दोनदा असेल तेव्हाच जोडी जमते.

दुसरी चूक फसवी आहे, कारण उत्तर बरोबर येतं. `pahilele` ही डिक्शनरी न करता साधी यादी केली, तर `in` तसाच लिहिता येतो आणि प्रोग्रामही दिसायला एका लूपचाच राहतो. पण यादीतला `in` पहिल्या नोंदीपासून एकेक तपासत जातो. दुसरा लूप परत आला, फक्त तो कोडमध्ये दिसत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: यादी दुप्पट करून वेळ मोजावा. वेळ साधारण दुप्पट झाला तर ठीक. चौपट झाला तर आत कुठेतरी यादी चाळली जाते आहे.

तिसरी चूक पैशांच्या हिशेबात होते. रुपये दशांशात ठेवले, तर पायथनमध्ये `0.3 - 0.1` चं उत्तर `0.2` न येता `0.19999999999999998` येतं, कारण हे दशांश संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत. डिक्शनरीला जवळपासचं चालत नाही, तिला तंतोतंत तोच आकडा लागतो. त्यामुळे यादीत २० पैसे असूनही ते सापडत नाहीत. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवली की हा घोळ मिटतो.

आणि कोणी मुद्दाम टकरी घडवून आणल्या तर? अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत दाखवून दिलं, की एकाच खणात पडतील असे शब्द निवडून पाठवले तर मोठमोठे वेब सर्व्हरही गुदमरतात. त्यानंतर पायथननं ३.३ या आवृत्तीपासून शब्दांच्या हॅशमध्ये, प्रोग्राम सुरू होताना बदलणारी, यादृच्छिक भर घालायला सुरुवात केली. पूर्णांकांना मात्र ही भर लागत नाही, त्यांची जागा आजही आधी सांगता येते. ‘कोडफोर्सेस’सारख्या स्पर्धांमध्ये दुसऱ्याचा प्रोग्राम पाडण्यासाठी स्वतःचे आकडे देता येतात. तिथले मुरलेले स्पर्धक नेमका याचाच फायदा घेतात. मग तीच डिक्शनरी एकेक खण चाचपत बसते आणि वेळेची मर्यादा ओलांडते.

वास्टलच्या कोड्याला दुसरा भागही होता: तीन आकड्यांची बेरीज २०२० करा. नमुन्यात ते आकडे ९७९, ३६६ आणि ६७५. दोनशे आकड्यांत तिघांचे गट १३,१३,४०० होतात. इथे युक्ती अशी, की एक आकडा धरून ठेवायचा आणि उरलेल्या रकमेसाठी पुढच्या आकड्यांवर वरचाच प्रोग्राम चालवायचा. काम चाळीस हजार पायऱ्यांच्या आत येतं. पण ते यादीच्या लांबीच्या वर्गाच्या पटीतच राहतं. दोन आकड्यांसाठी डिक्शनरीनं तो वर्ग पूर्ण काढून टाकला. तीन आकड्यांसाठी तसं कोणालाही जमलेलं नाही. वर्गापेक्षा कमी वेळात हे काम होणारच नाही, असं तज्ज्ञ बराच काळ धरून चालले होते. २०१४ मध्ये ॲलन ग्रोनलुंड आणि सेथ पेटी यांनी तो अंदाज मोडला, पण जेमतेम: त्यांची पद्धत वर्गाच्या किंचितच खाली उतरते.